नियम बदलले: सगळ्यांना एकच मेल की ज्याचं त्याला?

नियम बदलला की ग्राहकांना कळवायचे दोन प्रकार. क्रेडिट कार्डाचंच घेऊ. समजा १ तारखेपासून कार्डाने वॉलेटमध्ये पैसे टाकले की १ टक्का फी लागणार.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. "आम्ही आमच्या अटी अपडेट केल्या आहेत", खाली भलीमोठी पीडीएफ, आणि त्यात नवीन काय नि जुनं काय ते तुम्हीच शोधा. पाठवणाऱ्याला सोपं, कारण यादी एकच. पण बिल आलं की कस्टमर केअरचे फोन वाजायला लागतात.

दुसरा प्रकार म्हणजे मागच्या वर्षभरात ज्यांनी वॉलेट भरलंय तेवढेच ग्राहक वेगळे काढायचे आणि त्यांना थेट सांगायचं: "तुम्ही महिन्याला १५,००० टाकता, आत्ता फी शून्य, पुढे १५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी २७, म्हणजे १७७." बास, कळलं की माणसाला! बाकीच्यांना एक ओळ, की तुमच्या आत्ताच्या वापरावर फरक नाही पण पुढे वॉलेट भरलंत तर १ टक्का लागेल. ही ओळ गाळली तर उद्या पहिल्यांदा वॉलेट भरणारा फसतो, दुसऱ्या प्रकारातली खरी गोची हीच.

आरबीआयच्या कार्ड नियमांत चार्ज बदलायचा तर किमान एक महिना आधी कळवायला लागतं, आणि बदल तोट्याचा वाटला तर थकबाकी भरून जादा चार्ज न देता कार्ड बंद करता येतं. मेल कुठलाही असो, हे वरच लिहा राव, तळटिपेत नको.

मी दुसरा प्रकारच घेईन, पूर्ण अटींची लिंक खाली ठेवून.