जुन्या कंपनीत परतलात: रेझ्युमेत एक नोंद की दोन?

समजा, जून २०१६ ते मार्च २०१९ मॅन्युअल टेस्टर, मग खंड, आणि सप्टेंबर २०२१ पासून त्याच कंपनीत ऑटोमेशन टेस्टर.

एकत्र नोंदीत कंपनीचे नाव एकदाच येते आणि त्याखाली दोन्ही पदे, आपापल्या तारखांसह. पुन्हा बोलावले गेलात हे लगेच दिसते. पद आणि काम जवळपास तेच असेल, तर हीच मांडणी बरी. मात्र वर ‘२०१६ ते आजपर्यंत’ असे कधीही लिहू नका. पडताळणीत रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची सेवा-नोंद पाहिली, तर मधला खंड उघड होतो आणि तो लपवल्यासारखा दिसतो.

वरच्या उदाहरणात मी स्वतंत्र नोंदीच सुचवेन, कारण काम बदलले आहे. उलट्या कालक्रमाने आधी आताचे पद, मग खंडाची एक ओळ: ‘एप्रिल २०१९ – ऑगस्ट २०२१: कौटुंबिक जबाबदारी, सेलेनियम व जावाचा अभ्यासक्रम पूर्ण’. त्याखाली जुने पद. सेलेनियम फक्त कौशल्यांच्या यादीत टाकून भागत नाही. आताच्या पदाखाली त्यातून कोणत्या चाचण्या स्वयंचलित केल्या तेही लिहा. कंपनीचे नाव मध्यंतरी बदलले असेल, तर दोन्ही नोंदींत आजचे नाव आणि ‘पूर्वीचे नाव’ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या कंपन्या वाटतात.