आईची रक्त पातळ करायची गोळी : १४ महिने वॉरफरिन, आता ७ महिने अपिक्साबॅन, नागपूरहून अनुभव

आई ७१ वर्षांची, वजन ५४ किलो. ठोके अनियमित पडतात (एट्रियल फिब्रिलेशन), हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून गोळी सुरू झाली. आधी वॉरफरिन ४ एमजी रोज रात्री, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. पहिले काही महिने मस्त गेले, २.३, २.५, २.४ असंच यायचं, मग तपासणी महिन्यातून एकदा झाली.

आणि मग हिवाळा आला. आमच्या इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो, आणि सांबारवडीत ती चिमूटभर नसते, जुडीच्या जुडी चिरून सारण भरतात. डिसेंबरात घरी आठवड्यातून दोनदा सांबारवडी, मधल्या दिवसांत मेथी नाहीतर पालक, गोकुळपेठच्या बाजारात भाजी इतकी ताजी न् स्वस्त की आई पिशवी भरूनच आणायची. आयएनआर आला १.५. डॉक्टरांनी विचारलं गोळी चुकली का, आम्ही म्हटलं नाही, खरंच चुकली नव्हती. मग डोस एक दिवस ४ एक दिवस ५ असा केला, म्हणजे आठवड्याचे २८ एमजी होते ते साधारण ३१-३२ झाले. खाण्याचं त्यांनी विचारलं नाही न् आम्हाला सुचलं नाही.

जानेवारीच्या शेवटी आईला ताप आला, जेवण कमी झालं, हिरवी भाजी बंदच झाली, गोळी मात्र वाढलेलीच चालू. एक दिवस सकाळी ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसलं, थुंकी लालच येऊन राहिली होती, दंडावर रुपयाएवढा निळा डाग. त्याच दिवशी तपासलं, आयएनआर ४.३. डॉक्टरांनी एका रात्रीची गोळी थांबवली, परत ४ वर आणलं, तीन दिवसांनी पुन्हा तपासलं तर २.९.

तेव्हा त्यांनी नीट समजावलं. लिव्हर गुठळी बनवणारे फॅक्टर व्हिटॅमिन के वापरून तयार करते, आणि वॉरफरिन ते वापरलेलं व्हिटॅमिन परत कामाचं होऊ देत नाही. हिरव्या पाल्यात हेच व्हिटॅमिन भरपूर, म्हणून पाला वाढला की गोळी कमजोर पडते, पाला बंद झाला की तीच गोळी जास्त होते. रक्तात आधीच बनून फिरणारे फॅक्टर संपायला काही दिवस लागतात, म्हणून आज डोस बदलला तर उद्याच्या रिपोर्टवरून काही ठरवू नका म्हणाले. पालेभाजी सोडायला सांगितलंच नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खा म्हणाले. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर ती लाल थुंकी पाहायची वेळ आली नसती, याची मला अजून हळहळ वाटते.

नंतर इको पाहिला, झडपा चांगल्या, किडनीचं क्रिएटिनिन ०.९, म्हणून अपिक्साबॅनवर न्यायचं ठरलं. वॉरफरिन बंद केलं, आयएनआर २ च्या खाली आला तेव्हाच नवी गोळी, ५ एमजी सकाळ-संध्याकाळ. वजन ६० च्या आत आहे म्हणून मी अर्ध्या डोसचं विचारलं, तर म्हणाले वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिघांपैकी दोन असतील तरच २.५, आईला एकच लागू आहे, उगाच कमी केली तर गुठळीपासून संरक्षणच कमी.

ही गोळी व्हिटॅमिनच्या भानगडीत पडतच नाही, तयार झालेल्या दहाव्या फॅक्टरला थेट अडवते, तीनेक तासांत काम सुरू आणि साधारण बारा तासांत अर्धी उतरते. सांबारवडी परत सुरू झाली, आईचा चेहरा पाहण्यासारखा होता! पण उतरते तितक्याच लवकर, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. वॉरफरिनची एखादी रात्र चुकली तर असर लगेच जात नाही, इथे अमरावतीच्या लग्नात डबी घरी राहिली तर मी रात्रीच मेडिकल शोधत फिरलो. आता आठ-आठचा अलार्म आहे न् पर्समध्ये वेगळी पट्टी.

एका नातेवाइकांनी हौसेनं आईचा आयएनआर करून आणला, १.२, आणि घाबरले की रक्त जाडच आहे. या गोळीचा असर आयएनआरमध्ये नीट दिसत नाही, तो आकडा पाहून गोळी वाढवू नका. आमची तपासणी आता सहा महिन्यांनी, किडनी, लिव्हर आणि हिमोग्लोबिन. गुडघ्यासाठी आई मनानं डायक्लोफेनॅक घ्यायची ते दोन्ही गोळ्यांवर धोक्याचंच, बंद केलंय. टीबीचं रिफाम्पिसिन दोन्हींचा असर कमी करतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की आधी ही पट्टी दाखवतो.

किमतीत वॉरफरिन खूपच स्वस्त, हे खरं. आणि शेजारच्या काकांना धातूची झडप बसवलेली आहे, त्यांनी आमचं पाहून बदलायचं म्हटलं तर त्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, अशा झडपेवर नव्या गोळ्या चालत नाहीत, २०१२ मध्ये डॅबिगॅट्रान या अशाच नव्या गोळीचा प्रयोग गुठळ्या न् रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून मध्येच थांबवावा लागला होता. संधिवाताच्या तापानं झडप बरीच आकसलेल्यांनाही वॉरफरिनच. काका आता आमची ती जुनी वही घेऊन गेलेत, एका बाजूला आयएनआर, दुसऱ्या बाजूला त्या आठवड्यात किती वेळा पालेभाजी झाली ते, आणि काकू त्यात दर रविवारी भरतात.