आठ तासांचे पॅकेज की दोन दिवसांचे?

लग्नाच्या चित्रणासाठी आमच्या आठ तासांच्या पॅकेजमध्ये एक फोटोग्राफर, एक व्हिडिओग्राफर आणि 30 पानांचा अल्बम असतो. दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चित्रण, कँडिड फोटोंसाठी वेगळा फोटोग्राफर आणि 50 पानांचा अल्बम मिळतो. खरा फरक मात्र तासांत आहे. समजा, खानापूरच्या एखाद्या कार्यालयात मुहूर्त 12.35 चा आहे. नवरीच्या तयारीसाठी आम्ही सकाळी 7 वाजता पोहोचलो, तर आठ तास दुपारी 3 वाजता संपतात आणि जेवणाच्या पंगती लांबल्या (त्या लांबतातच) की पाठवणी चित्रणाबाहेर राहते. एकाच दिवसाचे लग्न असल्यास आम्हाला 9 वाजता बोलवावे. हळदही हवी असेल, तर दोन दिवसांचेच पॅकेज घ्यावे, कारण वाढीव तासांचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

संपादित फोटो पहिल्या पॅकेजमध्ये 20 आणि दुसऱ्यात 35 दिवसांत मिळतात. अल्बमचे 30 दिवस मात्र दोन्हींत तुम्ही फोटो निवडून दिल्यापासून मोजले जातात, आणि उशीर बहुधा तिथेच होतो, कारण बेळगावची आणि पुण्याची मंडळी एकमतावर यायला वेळ घेतात. बेळगाव शहराबाहेरचा प्रवासखर्च वेगळा आकारला जातो.