क्रिएटिनिन वाढलं: बीपीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची?

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, की बऱ्याच जणांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, आधीपेक्षा थोडं जास्त येतं. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला असतो आणि घरात लगेच ठरतं, की गोळीने किडनीवर परिणाम केला, बंद करा. काहींच्या बाबतीत गोळी थांबवणं खरंच गरजेचं असतं. पण त्याहून कितीतरी जास्त जण अशी गोळी बंद करतात जी त्यांची किडनी वाचवत होती. म्हणून दोन्ही प्रकारची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहणं बरं.

समजा दोन पुरुष आहेत, दोघंही ५८ वर्षांचे. दोघांनाही मधुमेह आणि बीपी आहे, दोघांच्याही लघवीतून प्रथिनं जातात. दोघांनाही टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सुरू झालं. फरक इतकाच, की दुसऱ्याच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं आहे.

| | पहिला रुग्ण | दुसरा रुग्ण |
|---|---|---|
| क्रिएटिनिन, सुरू करण्याआधी | १.२० | १.२० |
| क्रिएटिनिन, दोन आठवड्यांनी | १.४५ | १.७५ |
| वाढ | २१ टक्के | ४६ टक्के |
| ईजीएफआर, किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज | ७० वरून ५६ | ७० वरून ४५ |
| पोटॅशियम | ४.४ वरून ४.८ | ४.४ वरून ५.७ |
| बीपी | १५०/९० वरून १२८/८० | १५०/९० वरून ९८/६० |

पहिल्याने गोळी चालू ठेवायची. दुसऱ्याने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

आधी पहिल्याचं पाहू. किडनीतल्या प्रत्येक गाळणीत रक्त एका बारीक धमनीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बाहेर जाणारी धमनी आवळून धरतं, त्यामुळे गाळणीत दाब वाढतो आणि गाळणं जोरात होतं. मधुमेहात हा दाब वर्षानुवर्षं जास्त राहतो आणि गाळणी हळूहळू निकामी होते. या गोळ्या त्या बाहेरच्या धमनीवरची पकड सैल करतात. दाब उतरतो, म्हणून गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, म्हणून क्रिएटिनिन थोडं वर जातं. ही वाढ म्हणजे गाळणीला इजा झाल्याची खूण नाही, औषध जिथे काम करायला हवं तिथे करतंय याची आहे. पहिल्या दोन आठवड्यांत ती दिसते आणि साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत थांबते. पहिल्या रुग्णाचं क्रिएटिनिन महिन्याभराने १.४२ आलं, म्हणजे ते एका पातळीवर टेकलं. लघवीतली प्रथिनंही त्याच काळात उतरू लागली, तर आणखी चांगलं.

ईजीएफआर ७० वरून ५६ झाला, की रिपोर्टवर अचानक ‘किडनी विकार, तिसरा टप्पा’ असा शेरा येऊ शकतो, कारण ६० ची रेषा ओलांडली गेली. आजार दोन आठवड्यांत पुढे सरकलेला नसतो. टप्पा ठरवायला ती पातळी निदान तीन महिने टिकलेली असावी लागते.

आता ३० टक्क्यांची मर्यादा. सुरुवातीच्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर गोळी चालू ठेवावी, हे आज बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ही मर्यादा रुळली ती बॅक्रिस आणि वियर यांनी २००० साली घेतलेल्या आढाव्यानंतर. सुरुवातीला इतपत वाढ होऊन मग स्थिरावलेल्या रुग्णांची किडनी पुढे उलट जास्त टिकल्याचं त्यांना दिसलं. पण ही काही भिंत नव्हे. २०१७ साली ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात वाढ जितकी जास्त तितका पुढचा धोका जास्त, असा क्रम ३० टक्क्यांच्या खालीही दिसला. म्हणून २८ टक्के वाढ आली तर ‘मर्यादेत आहे’ म्हणून फाइल मिटू नये. गोळी चालू ठेवावी, पण एक-दोन आठवड्यांत तपासणी पुन्हा करावी.

टक्केवारी नेहमी गोळी सुरू करण्याआधीच्या आकड्यावरून काढायची, लॅबने छापलेल्या कमाल मर्यादेवरून नाही. हिशोब साधा आहे: नव्या आकड्यातून जुना वजा करा, जुन्याने भागा, शंभराने गुणा. इथे दोन ठिकाणी फसायला होतं. बारीक चणीच्या बाईचं क्रिएटिनिन ०.६ वरून ०.९ झालं तर ते छापील मर्यादेतच राहतं, एकही आकडा ठळक होत नाही, पण वाढ ५० टक्के असते. उलट ०.७ वरून ०.८ झालं तर ती १४ टक्के वाढ केवळ मोजणीतल्या फरकानेही येऊ शकते. म्हणून दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा, आणि आदल्या रात्री मटणाचं भरपेट जेवण टाळा, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास वर जातं. युरियाचीही एक गल्लत होते. काही लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे त्याच युरियातला फक्त नायट्रोजन. एकाच रक्तात बीयूएन १४ असेल तर युरिया ३० येतो. लॅब बदलली आणि युरिया दुप्पट झाला असं वाटलं, तर आधी ओळीचं नाव वाचा.

आता दुसरा रुग्ण. वाढ ४६ टक्के, पोटॅशियम ५.७, बीपी खाली. गोळीने एकटीने सहसा इतकं होत नाही, म्हणून सोबत काय घडलं ते विचारायचं. त्याला आठवडाभरापूर्वी जुलाब झाले होते. गुडघ्यासाठी तो रोज दोनदा असेक्लोफेनॅक घेत होता. आणि गोळीतलं दुसरं औषध अंगातलं पाणी बाहेर काढतच होतं. पाणी कमी पडलं की किडनी गाळणीतला दाब दोन उपायांनी सांभाळते: आत येणारी धमनी रुंद करते आणि बाहेर जाणारी आवळते. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं पहिला उपाय बंद पाडतात, टेल्मिसार्टन दुसरा. दोन्ही बंद आणि वर पाणीही कमी, तेव्हा गाळणं कोलमडतं. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला जुलाबांचीही गरज नसते. घाम आणि दुखण्यावरची गोळी एवढंही पुरतं.

या रुग्णात टेल्मिसार्टनची गोळी तात्पुरती थांबवली जाते, वेदनाशामक कायमचं. पाणी भरून काढलं जातं. पोटॅशियम लगेच पुन्हा तपासतात, कारण रक्त काढताना पेशी फुटल्या किंवा मूठ घट्ट आवळून धरली तर ते खोटं वाढलेलं येतं. ते खरंच ६ किंवा त्याहून वर असेल तर गोळी बंद आणि त्याच दिवशी ईसीजी, कारण तिथे धोका हृदयाच्या ठोक्यांना असतो. ५.५ ते ६ च्या मधलं पोटॅशियम बऱ्याचदा आहार आणि इतर औषधं बदलून उतरतं. ‘लो सोडियम’ मीठ वापरताय का, हे आवर्जून पाहा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि बीपी आहे म्हणूनच घरच्यांनी ते प्रेमाने आणलेलं असतं. रोजचं शहाळंही इथे बंद. स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवीच्या संसर्गासाठी दिलेलं को-ट्रायमॉक्साझोल ही दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात.

असं कुठलंच कारण सापडलं नाही आणि तरी क्रिएटिनिन झपाट्याने चढत राहिलं, तर किडनीला रक्त पुरवणारी मोठी धमनीच दोन्ही बाजूंना अरुंद आहे का, हे पाहावं लागतं. किडनी एकच असेल तर तिची एक धमनी अरुंद असणंही पुरेसं असतं. अशा वेळी गाळणीतला दाब बाहेरच्या धमनीच्या आवळण्यावरच तगलेला असतो, आणि गोळी नेमकी तीच सैल करते. १.१ वरून दहा दिवसांत २.३ होणं ही त्याची धाटणी. इथे संख्येपेक्षा चढण महत्त्वाची: अपेक्षित वाढ टेकते, ही टेकत नाही. तीन-चार औषधं घेऊनही न उतरणारं बीपी, अचानक छातीत पाणी भरून दम लागणं आणि सोनोग्राफीत दोन किडन्यांच्या लांबीत दीड सेंटीमीटरहून जास्त फरक, यांनी संशय पक्का होतो. मग डॉप्लर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करतात. म्हाताऱ्या माणसात कारण बहुधा धमनीत साठलेली चरबी असते. आपल्याकडे तरुण बाईला खूप बीपी असेल आणि एका हाताची नाडी लागत नसेल, तर ताकायासु हा धमनीदाह आधी आठवावा.

हृदय कमजोर असलेल्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यांना या गोळ्यांनी आयुष्य मिळतं, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ जास्त वाढ चालवून घेतात: आधीच्या ५० टक्क्यांपर्यंत किंवा क्रिएटिनिन ३ पर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. आकडा दुप्पट झाला किंवा ३.५ च्या वर गेला, तर थांबवतात. त्यांच्या रिपोर्टला वरचा ३० टक्क्यांचा नियम लावून स्वतःहून गोळी बंद करणं फार महाग पडू शकतं. बरेचदा आधी लघवीच्या गोळीचा डोस कमी करून पाहिला जातो.

क्रिएटिनिन वाढलं म्हणून रामिप्रिल बदलून टेल्मिसार्टन घेण्यात अर्थ नाही. कोरड्या खोकल्यासाठी तो बदल योग्य आहे, पण गाळणीवरचा परिणाम दोघांचा सारखाच. दोन्ही एकत्र तर घेऊच नयेत: २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत नेमक्या याच जोडीने किडनीचं नुकसान वाढलं आणि फायदा काही वाढला नाही.

दुसऱ्या रुग्णाचं क्रिएटिनिन आठवड्याने १.२५ वर आलं आणि पोटॅशियम ४.६ वर. इथे एक चूक फार होते: ‘ही गोळी मला चालत नाही’ असं ठरून ती कायमची सुटते. कारण होतं जुलाब आणि असेक्लोफेनॅक, आणि ते दूर झालं आहे. लघवीतून प्रथिनं अजून जातातच. म्हणून डॉक्टर टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅमपासून, हायड्रोक्लोरोथायझाइडशिवाय, पुन्हा सुरू करतात. एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहतात, आणि डोस वाढवला की प्रत्येक वेळी पुन्हा तेच. फाइलवर ‘उलट्या-जुलाब असले तर त्या दिवसांत ही गोळी घेऊ की नको, ते फोन करून विचारणे’ असं लिहून घ्यावं, आणि गुडघ्यासाठी काय घ्यायचं तेही त्याच भेटीत ठरवून घ्यावं, नाहीतर तो माणूस पुढच्या महिन्यात मेडिकलमधून तीच गोळी आणतो.