दिव्यांची कोडी, बरेच महिने सोडवल्यावर: आकडे नंतर, अंधारी घरं आधी

गेल्या पावसाळ्यात परभणी-परळी गाडीत वेळ घालवायला म्हणून सुरू केलं, आणि आता जवळजवळ रोज रात्री एक तरी कोडं सोडवतो. मूळ कोडं जपानचं, निकोली या प्रकाशनाचं. तिकडं त्याला बिजुत्सुकान म्हणतात, बाहेर ते अकारी या नावानं ओळखलं जातं. मी वापरतो ते सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संचातलं `Light Up`. हेच टॅथम `PuTTY` लिहिणारे, म्हणजे सर्व्हरवर काम करणाऱ्यांना नाव ओळखीचं असेल. संच फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि नेट लागत नाही. गंगाखेडच्या पुढं रेंज गेली तरी कोडं चालू राहतं, मला सुरुवातीला तेवढंच पुरेसं होतं.

नियम थोडक्यात सांगतो. चौकटीत पांढरी आणि काळी घरं असतात. पांढऱ्या घरात दिवा ठेवायचा. दिव्याचा उजेड वर, खाली, डावीकडं, उजवीकडं सरळ जातो आणि काळं घर किंवा चौकटीची कड आली की थांबतो. तिरका जात नाही. प्रत्येक पांढरं घर उजळलं पाहिजे, पण एका दिव्याचा उजेड दुसऱ्या दिव्यावर पडता कामा नये. काळ्या घरात आकडा असेल तर त्याला चिकटून असलेल्या चार बाजूंच्या घरांत तेवढेच दिवे. आकडा नसेल तर त्या काळ्या घराची काही अट नाही.

सगळेच आकड्यांपासून सुरू करतात, आणि सुरुवात तशीच करावी. 0 च्या भोवती दिवा नाही, 4 च्या चारी बाजूंना दिवे, कोपऱ्यातल्या 2 च्या दोन्ही बाजूंना दिवे. एवढ्यावर `Easy` पातळीची बरीच कोडी अर्धीअधिक सुटतात. मग गाडी अडते. उरलेले आकडे 1 आणि 2 असतात, प्रत्येकाला दोन-तीन जागा मोकळ्या दिसतात, आणि माणूस अंदाजानं दिवे ठेवायला लागतो. माझा इतक्या महिन्यांचा अनुभव असा की अडल्यावर आकड्यांकडं बघणं सोडून द्यावं आणि एकच प्रश्न धरावा: अजून अंधारात असलेलं कोणतं घर उजळायला सगळ्यात कमी जागा उरल्यात?

त्यासाठी ठिपका नीट वापरावा लागतो. फोनवर घरावर बोट दाबून धरलं की ठिपका येतो, कॉम्प्युटरवर उजवं क्लिक. ठिपका म्हणजे ‘इथं दिवा येणार नाही’. बरेच जण ठिपका टाकला की ते घर संपलं असं समजतात. खरं तर ठिपक्याच्या घराचं काम तिथून सुरू होतं. ते स्वतः दिवा होऊ शकत नाही, मग त्याला उजेड बाहेरूनच आला पाहिजे. कुठून येईल, हे मोजायचं.

भाची लातूरला शिकते, सुट्टीत आली होती तेव्हा तिला समजावायला मी एक छोटं कोडं रचलं. तेच इथं देतो. टिंब म्हणजे पांढरं घर, आकडा म्हणजे काळं घर.

```
0 . . 1 .
. . . . .
. 2 2 . .
. . . . .
. . . . .
```

अ‍ॅपमध्ये `Specific` मध्ये जाऊन `5x5:0b1g22l` टाकलं की हेच कोडं समोर येईल. पुढं वाचण्याआधी स्वतः करून बघा. घरांना मी ओळ आणि रकाना असे आकडे देतो, म्हणजे 2-3 हे वरून दुसऱ्या ओळीतलं, डावीकडून तिसरं घर.

भाचीनं काय केलं ते आधी सांगतो, कारण त्यातूनच मुद्दा कळतो. तिनं 2-3 मध्ये दिवा ठेवला, मधल्या 2 चा एक दिवा म्हणून. मग 2-2 उजळलं, तेव्हा डावीकडच्या 2 ला 3-1 आणि 4-2 याच जागा उरल्या, तिथं दिवे. 4-2 मुळं 4-3 उजळलं, तेव्हा मधल्या 2 चा दुसरा दिवा 3-4 ला. वरच्या 1 ला मग 1-5 शिवाय जागा नव्हती, तिथं दिवा. शेवटी 5-3 अंधारात होतं, तिथं दिवा. सगळं कसं ओळीनं येत गेलं. चारही आकडे बरोबर, कुठलेही दोन दिवे समोरासमोर नाहीत, स्क्रीनवर लाल काहीच नाही.

‘‘मामा, झालं बघा.’’

‘‘मग पूर्ण झालं असं का दाखवत नाही?’’

तिनं चौकट परत निरखून बघितली. सगळी पिवळी, फक्त 1-2 हे एकच घर अंधारात. आणि तिथं दिवा ठेवता येत नाही, कारण शेजारी 0 आहे. म्हणजे पहिलाच दिवा चुकलेला होता, आणि ते कळायला शेवटपर्यंत जावं लागलं.

आता हेच 1-2 पासून सुरू करू. 0 मुळं 1-2 आणि 2-1 या दोन घरांत ठिपके येतात. 1-2 चं बघा. उजवीकडं 1-3 आहे, त्याच्यापुढं काळं घर. खाली 2-2 आहे, त्याच्याखाली काळं घर. म्हणजे 1-2 ला उजेड 1-3 मधून येईल किंवा 2-2 मधून, तिसरी जागाच नाही. या दोनपैकी कोणती ते अजून माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. कारण 2-3 हे घर या दोघांच्याही समोर आहे. 2-3 मध्ये दिवा ठेवला तर 1-3 वर त्याचा उजेड पडतो आणि 2-2 वरही पडतो, दोन्ही जागा बाद, आणि 1-2 कायमचं अंधारात. म्हणून 2-3 ला ठिपका. एकही दिवा न ठेवता हे कळलं.

इथून पुढं कोडं सरळ उलगडतं. मधल्या 2 ला वर ठिपका आणि डावीकडं काळं घर, म्हणून 3-4 आणि 4-3 मध्ये दिवे. 4-3 चा उजेड 4-2 वर पडतो, म्हणून डावीकडच्या 2 ला 2-2 आणि 3-1 याच जागा उरतात, तिथं दिवे. आता 1-3 बघा. शेजारच्या 1-2 ला ठिपका, खालच्या 2-3 ला ठिपका, बाकी दोन बाजूंना कड आणि काळं घर. त्याला उजेड द्यायला दुसरं कुणी नाही, म्हणून तिथं स्वतःचाच दिवा. त्यानं वरचा 1 पुरा झाला, म्हणून 1-5 ला ठिपका. 1-5 च्या रकान्यात मधली तिन्ही घरं उजळलेली आहेत, तिथं दिवा येणार नाही. राहिलं थेट तळाचं 5-5. तिथं दिवा ठेवला की 1-5 उजळतं, आणि खालच्या ओळीत राहिलेलं 5-2 पण उजळतं. सहा दिवे, कोडं पूर्ण, कुठंही अंदाज नाही.

हे शेवटचं पाऊल मला फार आवडतं. 1-5 वरच्या कोपऱ्यात आणि त्याचं उत्तर खालच्या कोपऱ्यात. आकड्यांच्या आजूबाजूलाच नजर फिरवणाऱ्याला ते दिसत नाही. ठिपका असलेल्या अंधाऱ्या घरापासून चारही दिशांना काळ्या घरापर्यंत नजर नेली तरच दिसतं.

ही युक्ती वापरताना एक गोष्ट पक्की बघायची. घराला ठिपका नसेल, तर ते घर स्वतःही दिवा होऊ शकतं, म्हणजे ती आणखी एक जागा मोजायची. वरच्या कोड्यात 1-2 शेजारी 0 नसता, तर 1-2 मध्ये स्वतःचा दिवा चालला असता आणि 2-3 ला ठिपका देता आला नसता. ज्या घराला ठिपका द्यायचा, ते सगळ्या शक्य जागांच्या समोर हवं, एक जरी सुटली तरी निष्कर्ष खोटा. आकड्यांनाही हाच विचार लागतो. 1 ला वरची आणि उजवीकडची अशा दोनच जागा उरल्या असतील, तर त्या दोघांच्या मधल्या तिरक्या पांढऱ्या घरात दिवा येणार नाही.

आता अ‍ॅपबद्दल. दोन दिवे समोरासमोर आले की लाल होतात, आकड्याला दिवे जास्त झाले किंवा जागाच पुरत नसल्या तरी आकडा लाल होतो. हे चांगलं आहे. पण ठिपक्याचं घर अंधारात कायमचं अडकलं तर अ‍ॅप काहीही सांगत नाही. भाचीच्या बाबतीत नेमकं तेच झालं. त्यामुळं मी दर दोन-तीन दिव्यांनंतर थांबतो आणि ठिपका आहे पण पिवळं झालेलं नाही अशी घरं शोधतो. एखाद्याला एकच जागा उरली असेल तर तो दिवा फुकटात मिळतो. एकही उरली नसेल तर लगेच कळतं की मागं काहीतरी बिघडलंय, आणि `Undo` मारत तिथपर्यंत जाता येतं.

पातळ्या तीन आहेत. `Easy` काही दिवसांत संपते, म्हणजे हात बसतो. `Tricky` मध्ये वर सांगितलेला विचार सतत लागतो, आणि मी मुक्काम तिथंच ठोकलाय. `Hard` बद्दल खुद्द त्यांच्याच माहितीत म्हटलंय की काही ठिकाणी अंदाज करावा लागेल. तसंच आहे. दिवा ठेवून बघायचा, पुढं विसंगती निघते का बघायचं, निघाली तर परत फिरायचं. उत्तर एकच असतं, पण रस्ता चाचपडत जातो. मला त्यात रस वाटला नाही, कुणाला तेच आवडेल.

आकाराचं म्हणाल तर फोनवर 7x7 आणि 10x10 उत्तम. 14x14 ला घरं इतकी बारीक होतात की ठिपका शेजारच्या घरात पडतो. एवढं मोठं करायचं असेल तर कॉम्प्युटरवर करा, किंवा माझ्यासारखं चौकटीच्या वहीत उतरवून घ्या. वहीत उतरवताना मी दिव्याच्या चारही बाजूंना उजेडाच्या रेघा पेन्सिलीनं हलक्या ओढतो. जिथं एकही रेघ गेली नाही आणि ठिपका आहे, ते घर लगेच डोळ्यात भरतं, आणि तिथूनच पुढचा विचार सुरू करतो.