फोर्टिफायर ठरावीक मात्रेत की युरियाप्रमाणे?

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईच्या दुधात फोर्टिफायर, म्हणजे प्रथिने आणि इतर पोषण वाढवणारे मिश्रण घालतात. ठरावीक पद्धतीत ते पाकिटावरील प्रमाणानेच मिसळतात. यात हिशेब सोपा, चुका कमी. पण आईच्या दुधातली प्रथिने आठवड्यागणिक घटतात आणि ही पद्धत ते गृहीत धरत नाही. युरियाप्रमाणे बदलणाऱ्या पद्धतीत, बाळाला प्रथिने किती मिळतात याची खूण असलेला रक्तातला युरिया नायट्रोजन कमी दिसला, की प्रथिनांची मात्रा एक पायरी वाढवतात. जास्त दिसला, तर उतरवतात.

समजा, बाळ १२०० ग्रॅमचे होते, सात दिवसांनी १२८४ झाले. रोजची वाढ १२ ग्रॅम. तिला सरासरी वजनाने, म्हणजे १.२४२ किलोने भागले की किलोमागे रोज सुमारे ९.७ ग्रॅम येते. अपेक्षा १५ ते २० ची. दूध पुरेसे जात असेल आणि युरिया नायट्रोजन ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर प्रथिने वाढवायला हरकत नाही.

पहिल्या एकदोन आठवड्यांत मात्र युरियाचा आकडा फसवतो, कारण तेव्हा तो मूत्रपिंडाची अपक्वता आणि पाण्याची कमतरताही दाखवतो. वजनही सुजेने फुगते. म्हणून त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्यावे आणि डोक्याचा घेर व लांबी दर आठवड्याला शेजारीच लिहावी. नियमित रक्ततपासणी शक्य नसेल, तर ठरावीक पद्धतच बरी.