चाळीस हजारांचा स्पॉन्सर आणि चवथीचा क्लास

गोव्यात फोंड्याजवळच्या गावात राहून मी तीन वर्षं रेसिपीचा यूट्यूब चॅनल चालवते. खतखतें, उडदमेथी, मुगागाठी, शाकुती असं आमच्या घरातलं जेवण, बोलणं मराठीत आणि मधे मधे कोकणी. 2024 च्या चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, हा चॅनल तेरा दिवस माझ्या हातातून गेला. मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या मेलने मला फसवलं त्याच धाटणीचे मेल अजूनही लहान चॅनलवाल्यांना येतात.

मी भुलले का, हे कळायला आधी पैशाचं सांगावं लागेल. तेव्हा चॅनलला तेरा हजारांवर सबस्क्रायबर होते आणि महिन्याला साधारण साठ हजार व्ह्यूज. हजार व्ह्यूजमागे मला सरासरी अडतीस रुपये पडायचे, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार. तेही दर महिन्याला हातात येत नाहीत. शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत पडत नाहीत, त्यामुळे मला चार महिन्यांतून एकदा दर्शन व्हायचं. खर्च बघा. एका व्हिडिओला सामान चारशे-पाचशेचं, मासळी असली तर जास्त. रेसिपी बिघडली तर परत तेवढंच, आणि पहिल्यांदा केलेल्या शाकुतीचा रंग कॅमेऱ्यात नेहमी काळा दिसतो. महिन्याला चार व्हिडिओ केले की जाहिरातीचे पैसे नारळातच संपले.

कमाई होती ती क्लासमध्ये. चवथीच्या नैवेद्याचा ऑनलाइन क्लास ठेवला होता, 18 आणि 25 ऑगस्ट असे दोन रविवार: पातोळ्या, नेवऱ्या, खतखतें, मणगणें. फी आठशे रुपये, अठरा बायका. जमा झाले 14,400. त्यातून दोनदा तालमीचा स्वयंपाक 1,900, मीटिंगच्या अॅपची महिन्याची वर्गणी दीड हजार, दुसरा मोबाईल धरून कढईजवळ उभी राहणाऱ्या शेजारच्या मुलीला हजार. उरले दहा हजार. दोन रविवारांचे दहा हजार आमच्यासाठी खूप होते. पहिल्या वर्गाचं रेकॉर्डिंग मी चॅनलवरच `Unlisted` करून ठेवलं होतं, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल असं. अठराही जणींकडे ती लिंक होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्पॉन्सर म्हणाल तर तोवर एकच मिळाला होता. ओळखीच्या एका आगळ-कोकमवाल्याने अडीच हजार आणि दोन बाटल्या आगळ दिलं होतं. अशा वेळी एका मोठ्या मिक्सर कंपनीच्या नावाने मेल आला: एका व्हिडिओत साठ सेकंद आमचं मशीन दाखवा, चाळीस हजार देऊ, अर्धे आगाऊ. पत्र सुरेख होतं. माझ्या मुगागाठीच्या व्हिडिओचं नाव घालून कौतुक केलं होतं. आता हिशोब केला की हसू येतं. माझा व्हिडिओ पहिल्या महिन्यात चार-पाच हजार लोक बघतात, म्हणजे एका बघणाऱ्यामागे आठ-दहा रुपये मोजायला ती कंपनी तयार होती. कुठलाही धंदेवाला असं करत नाही. पण त्या दिवशी मी भाव पाहिला, हिशोब नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक जादा शब्द जोडलेला होता, तोही मी वाचला आणि सोडून दिला.

दोन-तीन मेल गोडीत झाले. व्हिडिओ किती मिनिटांचा, मशीन कुठल्या रंगाचं हवं, पत्ता काय. मग करार आला. अटॅचमेंट नव्हती, एका क्लाउड ड्राइव्हची लिंक होती. फाइल झिप केलेली, तिला पासवर्ड, आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. सोबत सूचना: मोबाईलवर उघडणार नाही, विंडोजच्या लॅपटॉपवर उघडा.

या एकेका गोष्टीमागे कारण होतं, ते मला नंतर वेर्ण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने समजावलं. पासवर्ड घातलेल्या झिपच्या आत व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम बघू शकत नाही. फाइल सातशे एमबीच्या वर होती, आणि गूगल ड्राइव्ह शंभर एमबीच्या वरची फाइल तपासतच नाही, तसा इशारा फक्त स्क्रीनवर दाखवतो. तो मी बघितला होता आणि 'तरी डाउनलोड करा' दाबलं होतं. चार पानांचा करार सातशे एमबीचा कसा, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. आत पोकळ माहिती भरून फाइल मुद्दाम फुगवलेली होती. आणि तिचं खरं नाव होतं `Contract_Details.pdf.scr`. विंडोज शेवटचा तुकडा लपवतं, म्हणून मला फक्त `.pdf` पर्यंत दिसलं, शेजारी पीडीएफचं चित्रही होतं. `.scr` म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम.

21 ऑगस्टला दुपारी मी त्यावर डबल-क्लिक केलं. एक काळी खिडकी चमकून गेली, बाकी काही नाही. उघडत नाही असं मी कळवलं, तर उत्तर आलं की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, आमच्या डिझाइनवाल्यांच्या फाइली अशाच असतात. मी तेही केलं. यापुढे स्वतःला शिव्या घालण्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

22 च्या रात्री साडेदहाला शारजाच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, तुमच्या चॅनलवर कसलं लाइव्ह चाललंय? कोण गोरा बाप्या बोलतोय?" चॅनलचं नाव बदललेलं, माझा फोटो गेलेला, सगळे व्हिडिओ लपवलेले, आणि एका प्रसिद्ध उद्योगपतीचं जुनं भाषण लावून खाली 'क्रिप्टो पाठवा, दुप्पट घ्या'. माझा पासवर्ड चालेना. रिकव्हरीचा मोबाईल नंबरही बदललेला.

माझं टू-स्टेप चालू होतं. ओटीपी आल्याशिवाय कोणी आत शिरणार नाही, या भरवशावर मी होते. पण चोराला ओटीपी लागलाच नाही. नाटकाला गेल्यावर दारात तिकीट फाडतात आणि अर्धा तुकडा आपल्याकडे राहतो. मध्यंतरात चहा प्यायला बाहेर जाऊन परत येताना तोच दाखवायचा, पुन्हा कोणी विचारत नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर असाच एक तुकडा जपून ठेवतो, त्याला कुकी म्हणतात. त्या प्रोग्रॅमने तो तुकडा उचलून त्यांना पाठवला. ते माझ्या नावाने थेट आत जाऊन बसले.

त्या रात्री घाबरून मी एक्सवर यूट्यूबच्या मदतीच्या खात्याला टॅग करून लिहिलं. ते बरोबरच होतं. पण पाच मिनिटांत तिघांचे मेसेज आले, आम्ही हॅक झालेले चॅनल परत मिळवून देतो. एकाने यूट्यूबचं चिन्हही लावलं होतं. नवऱ्याने त्याला यूपीआयने 3,500 पाठवले. सकाळी तो आणखी सहा हजार 'सर्व्हर फी' मागायला लागला, तेव्हा कळलं की एका दिवसात दुसऱ्यांदा बुडालो. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, मग रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. ते पैसे आले नाहीत. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडकवता येतात, आम्ही रात्रभर त्या माणसाच्या उत्तराची वाट बघत बसलो होतो.

खातं परत आलं ते फुकट, गूगलच्या नेहमीच्या रिकव्हरी पानावरून. रिकव्हरीचा नंबर कोणी बदलला तरी सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरावरून खातं परत मागण्याची सोय असते. माझ्या नेहमीच्या मोबाईलवरून, घरच्याच वायफायवर अर्ज केला आणि 24 ला आत शिरले. भाच्याने आधीच बजावलं होतं, लॅपटॉपला हात लावू नकोस. तो प्रोग्रॅम तिथेच होता. त्यावरून लॉगिन केलं असतं तर नवा तुकडाही गेला असता. त्याने विंडोज पुसून नव्याने घातलं. मी मोबाईलवरून पासवर्ड बदलला आणि बाकी सगळी उपकरणं खात्यातून बाहेर काढली.

खातं आलं पण चॅनल नाही. त्या लाइव्हमुळे यूट्यूबने तो बंद केला होता. फॉर्म भरला, बंद केल्याविरुद्ध अपील केलं, एक्सवर रोज एकदा विचारलं. 4 सप्टेंबरला चॅनल परत दिसला.

मधल्या काळात खरी लाज क्लासची वाटली. चवथ 7 सप्टेंबरला, आणि पहिल्या वर्गाचं रेकॉर्डिंग गायब. पातोळ्यांचं पीठ किती सैल हवं, हे बायका परत परत बघतात, त्यासाठीच तर त्यांनी पैसे दिले होते. मूळ फाइल मी फोनमध्ये जागा हवी म्हणून पुसली होती. 25 चा वर्ग नवऱ्याच्या खात्यावरून घेतला. सात जणींनी पैसे परत मागितले, त्यांना 5,600 दिले. म्हणजे दहा हजारांतले उरले 4,400. त्यातून 3,500 त्या 'मदतनीसा'चे गेले, आणि दोन रविवारांची कमाई नऊशे रुपये झाली. चॅनल परत आला तरी ते रेकॉर्डिंग आलं नाही, त्यांनी ते लपवण्याऐवजी पुसूनच टाकलं होतं.

आता स्पॉन्सरचा मेल वेगळ्या जीमेलवर येतो. ते खातं फक्त मोबाईलवर उघडते आणि चॅनलशी त्याचा काही संबंध नाही. भाचा व्हिडिओ चढवतो, त्याला `Settings` मधल्या `Permissions` मधून फक्त एडिटर केलंय. माझा पासवर्ड त्यालाही माहीत नाही. क्लासची रेकॉर्डिंग दोन ठिकाणी असतात, त्यातली एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर.

गेल्या वर्षी एका पापड-लोणच्याच्या कारखान्याचं खरं काम मिळालं, सहा हजारांचं. त्यांनी आधी फोन केला. मी त्यांच्या पाकिटावरच्या नंबरावर उलट फोन करून खात्री केली. पॅन आणि बँकेचा तपशील मागितला, करार दोन पानांचा, मोबाईलवर उघडणारा साधा पीडीएफ. पैसे व्हिडिओ टाकल्यावर चाळीस दिवसांनी आले. व्हिडिओत 'सशुल्क जाहिरात' असं दाखवायला लागलं, त्यावर दोन बायकांनी खाली टोमणे मारले.

शारजाच्या त्या बाईंनी मात्र पैसे परत घेतले नाहीत. चवथीला त्यांनी पातोळ्यांचा फोटो पाठवला. तिथे हळदीची पानं मिळाली नव्हती, केळीच्या पानात केल्या होत्या, आणि पीठ जरा घट्ट झालेलं दिसत होतं.